फोटोतले सर्किट आणि बाणांचा घोळ

मित्रहो, पत्रिकेवर ‘लूप समीकरणे तपासण्याच्या तीन कसोट्या’ असा विषय छापला आहे. त्या तिन्ही मी सांगणार आहे, पण आधी एक जुनी तक्रार ऐकून घ्या, कारण पहिली कसोटी तिच्यातूनच निघाली.

मी निवृत्त झाल्यापासून रात्री दहानंतर माझ्या फोनवर वह्यांच्या पानांचे फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते, ‘सर, उत्तर जुळत नाही.’ पान तिरके असते, हाताची सावली नेमकी बॅटरीवर पडलेली असते आणि बॅटरीच्या दोन रेघांपैकी लांब, म्हणजे धन टोकाची, कोणती हे भिंगातूनही कळत नाही. (भिंग मी खरोखरच घेतले आहे, घरात त्यावरून हसतात.) माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. या मुलांनी प्रवाहाचे बाण काढलेले असतात, पण समीकरणे लिहिताना त्या बाणांकडे कोणी पाहिलेलेच नसते.

अशाच एका फोटोत डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी आणि तिच्यासोबत ३ ओहमचा रोधक होता, उजवीकडे १० व्होल्टची बॅटरी आणि ४ ओहमचा रोधक होता आणि मधल्या फांदीत २ ओहमचा सामाईक रोधक होता. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके वर होती. विद्यार्थिनीने दोन्ही बाण बॅटऱ्यांतून वर नेऊन वरच्या जंक्शनवर एकत्र आणले होते, म्हणजे मधल्या रोधकातून दोन्ही प्रवाह मिळून खाली जाणार हे चित्रातच ठरले होते. तरीही तिने लिहिले होते:

```
12 - 3*I1 - 2*(I1 - I2) = 0
10 - 4*I2 - 2*(I1 + I2) = 0
```

पहिल्या समीकरणातील वजाचे चिन्ह कुठून आले, हे मला लगेच ओळखू आले. वर्गात आम्ही दोन्ही लूप घड्याळाच्या दिशेने फिरवतो, तेव्हा सामाईक रोधकात ते दोन प्रवाह एकमेकांविरुद्ध असतात आणि वजाबाकी योग्य ठरते. तिने पहिले समीकरण त्या सवयीने लिहिले आणि दुसरे चित्र पाहून. उत्तरे सुमारे २.७१ आणि ०.७६ अँपिअर आली. ‘सर, मी ती समीकरणांत परत घालून पाहिली, दोन्हीकडे शून्य येते,’ असे तिने मोठ्या विश्वासाने कळवले. शून्य येणारच! त्या ताळ्याने बीजगणित तपासले जाते, सर्किट नव्हे.

म्हणून पहिली कसोटी अशी, की जो लूप आपण लिहिलेलाच नाही तो चालून पाहावा. येथे तो बाहेरचा मोठा लूप आहे. डाव्या बाजूने वरच्या जंक्शनचे व्होल्टेज १२ वजा ३ गुणिले २.७१, म्हणजे सुमारे ३.८८ येते, उजव्या बाजूने १० वजा ४ गुणिले ०.७६, म्हणजे सुमारे ६.९४. एकाच बिंदूला दोन व्होल्टेज असू शकत नाहीत. चिन्ह सुधारल्यावर प्रवाह २ आणि १ अँपिअर येतात, मधल्या फांदीत ३ अँपिअर जातात आणि जंक्शन दोन्हीकडून ६ व्होल्टवर बसते.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा उरलेले थोडक्यात सांगतो.

दुसऱ्या कसोटीत काही सोडवावे लागत नाही. समीकरणे 5*I1 - 2*I2 = 12 आणि 2*I1 + 6*I2 = 10 अशी मांडली, की पहिल्यात I2 चा सहगुणक उणे २ आणि दुसऱ्यात I1 चा अधिक २ दिसतो. नुसते रोधक आणि बॅटऱ्या असतील, तर लूप-प्रवाहांच्या समीकरणांत हे दोन सहगुणक सारखेच यायला हवेत. मात्र एखादे समीकरण आधीच दोनने भागले असेल, तर ही खूण पुसली जाते. ट्रान्झिस्टरच्या प्रतिरूपातले अवलंबी स्रोत असतील तिथेही ती लागू नाही.

तिसरी कसोटी शक्तीची. बॅटऱ्या २४ आणि १० मिळून ३४ वॉट देतात, रोधक १२, ४ आणि १८ मिळून ३४ वॉट खातात. उत्तर ऋण आले तर घाबरून मध्येच बाण फिरवू नये; प्रवाह काढलेल्या बाणाच्या उलट आहे, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु फोटोत १० व्होल्टची बॅटरीच उलटी वाचली गेली, तर प्रवाह सुमारे ३.५४ आणि उणे २.८५ अँपिअर येतील आणि तिन्ही कसोट्या निमूटपणे पार पडतील, कारण ते सर्किटही शक्य आहे, फक्त ते आपले नाही. अशा वेळी मी आता एवढेच लिहून पाठवतो, ‘बॅटरीचा फोटो जवळून, सावली बाजूला करून.’