मूळव्याधीचं रक्त धमनीतून थांबवताना

श्रोतेहो, नमस्कार. मूळव्याधीवरच्या एका तुलनेनं नव्या उपचाराबद्दल आज बोलणार आहे. गुदाशयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या फांद्या आतून बंद करायच्या, असा हा उपचार आहे. त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. आज तो ज्या रूपात केला जातो, त्याचे सुरुवातीचे अनुभव फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या डॉक्टरांनी २०१४च्या सुमारास प्रसिद्ध केले.

समजा, ७२ वर्षांचे एक आजोबा आहेत. हृदयाचे ठोके अनियमित असल्यानं रक्त पातळ करणारी गोळी रोज सुरू आहे. गेलं वर्षभर शौचाला बसलं की लालभडक रक्त पडतं, कधी थेंब थेंब, कधी धार लागते. दुखत नाही, म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पुढे जिना चढताना धाप लागू लागली आणि तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेसात निघालं. मोड आतले आहेत, कुंथल्यावर बाहेर येतात आणि आपोआप आत जातात, म्हणजे दुसऱ्या पायरीचे. अशा मोडांना एरवी रबर बँड लावतात. पण बँड लावलेला भाग काही दिवसांनी गळून पडतो, तिथे जखम राहते आणि गोळी सुरू असताना त्या जखमेतून जोरात रक्त जाऊ शकतं. शस्त्रक्रियेसाठी गोळी थांबवावी, तर मेंदूत गुठळी जाण्याची भीती. हा उपचार अशाच रुग्णाच्या उपयोगी पडतो.

मोडांमध्ये मुख्यतः वरून येणाऱ्या धमनीचं रक्त खेळतं. ही धमनी मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीचाच शेवटचा भाग. मोडांमध्ये धमन्या आणि शिरा थेट जोडलेल्या असतात, म्हणून पडणारं रक्त काळपट नसून लालभडक असतं. आजोबांना भूल द्यावी लागत नाही. जांघेत किंवा मनगटाजवळ जागा बधिर करून बारीक नळी धमनीत सरकवतात. नळीतून डाय सोडलं की एक्स-रेच्या पडद्यावर धमनीच्या फांद्या उमटतात. मग आणखी बारीक, मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची नळी मोडांकडे जाणाऱ्या एकेका फांदीत नेतात आणि दोन-तीन मिलिमीटरच्या धातूच्या कॉइल तिथे सोडतात. काही डॉक्टर सूक्ष्म कणही वापरतात. कॉइलभोवती रक्त गोठतं, प्रवाह मंदावतो, मोड हळूहळू आक्रसतात. गुदद्वाराला हात लागत नाही, त्यामुळे तिथे जखम नाही आणि शौच रोखणाऱ्या स्नायूला धोका नाही. बरेच रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

धमनी बंद केली तर गुदाशय सडणार नाही का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. तसं सहसा होत नाही, कारण गुदाशयाला बाजूनं आणि खालूनही धमन्या येतात आणि वरची वाट अडली तरी त्या पेशी जगवतात. पण हीच गोष्ट या उपचाराची मर्यादाही आहे. बाजूची धमनी काही जणांत मोडांनाही भरपूर रक्त देते. मग वरच्या सगळ्या फांद्या नीट बंद होऊनही काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रक्त पुन्हा सुरू होतं. समजा, आजोबांचं तीन महिन्यांनी तसंच झालं. पुन्हा डाय सोडून पाहिलं, तर बाजूच्या धमनीतून मोडांकडे जाणारी जाड फांदी दिसली. ती बंद केली की रक्त थांबण्याची आशा असते, पण हमी देता येत नाही.

ज्यांच्या गुदाशयावर किंवा शेजारच्या आतड्यावर आधी मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यात बाजूच्या वाटा शिल्लक असतीलच असं नाही. तिथे धमनी बंद केली तर आतड्याला इजा होऊ शकते. फार बारीक कण वापरले तर तेही खोलवर जाऊन आतल्या अस्तराला व्रण पाडू शकतात. म्हणून डॉक्टर सरसकट हो म्हणत नाहीत. मूत्रपिंड कमजोर असेल तर डायचा त्रास होतो, तेही पाहावं लागतं.

आणि तक्रार कोणती आहे, यावर तर सगळंच ठरतं. हा उपचार रक्त थांबवण्यासाठी आहे. मोड कायम बाहेर लोंबत असतील, बाहेरच्या बाजूला गाठ आली असेल, कातडीचे लोंब झाले असतील, तर धमनी बंद करून ते आत जाणार नाहीत. तिथे गरज पडली तर शस्त्रक्रियाच योग्य. बँड सहज लावता येत असेल, तर तो सोपा आहे आणि त्याचा अनुभवही कितीतरी जुना आहे. एम्बोलायझेशनचा अभ्यास अजून थोड्या रुग्णांवर आणि थोड्या वर्षांपुरता झाला आहे.

एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगेन. आजोबांच्या धमनीत नळी घालण्याआधी त्यांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, झालेली असली पाहिजे. उतारवयात हिमोग्लोबिन साडेसातवर येतं तेव्हा रक्त मोडांतूनच जातंय असं गृहीत धरता येत नाही. वर आतड्यात कर्करोगाची गाठ असू शकते, आणि मोडांचं रक्त थांबलं की तीच गाठ आणखी काही महिने लपून राहील. तुम्हाला हा उपचार सुचवला गेला, तर आधी कोलोनोस्कोपी झाली आहे का, हे विचारा. नसेल, तर ती करून घ्या.