लाल दिवा आणि ज्यूलचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

टीव्हीमागे किंवा कॉम्प्युटरच्या टेबलाखाली चार-सहा प्लग घेणारा लांबट बोर्ड असतो. त्यावर लाल दिवा दिसला की आपण त्याला सर्ज प्रोटेक्टर म्हणून मोकळे होतो. पण तो दिवा फक्त वीज आली एवढंच सांगतो. असे बरेच बोर्ड मी खोलून पाहिलेत. साध्या बोर्डात पितळी पट्ट्या, वायरी आणि फार तर एक फ्यूज निघतो. जास्त करंट ओढला गेला तर फ्यूज उडतो. व्होल्टेजच्या क्षणभराच्या झटक्याची त्याला खबरही नसते.

खऱ्या प्रोटेक्टरमध्ये त्या पट्ट्यांना जोडलेल्या नाण्याएवढ्या चकत्या दिसतात. त्यांना व्हेरिस्टर म्हणतात, आणि त्या मुख्यतः झिंक ऑक्साइडच्या असतात. 230 व्होल्टला ही चकती असून नसल्यासारखी असते. व्होल्टेज एकदम हजारांत उसळलं, की तिचा रोध कोसळतो, झटक्याचा करंट तिच्यातून जातो आणि ती तापते. टीव्हीच्या वाट्याला त्यातलं दाबलेलं व्होल्टेज येतं.

आता खोक्यावर लिहिलेला ज्यूलचा आकडा. ज्यूल हे ऊर्जेचं माप. समजा, झटका 50 मायक्रोसेकंद टिकला. तेवढा वेळ चकतीवर 800 व्होल्ट होते आणि तिच्यातून 500 अँपिअर वाहिले. गुणाकार केला तर 20 ज्यूल उष्णता तिने पचवली. खोक्यावरचा 600 किंवा 1000 हा आकडा म्हणजे सगळ्या चकत्यांच्या या पचनशक्तीची बेरीज. मग 600 ज्यूलमध्ये असे तीस झटके बसतील का? हिशेब इतका सरळ नाही. लहान झटक्यांनी चकती थोडीथोडी झिजते, आणि मोठा एखादा तिला एका दमात संपवतो. टीव्ही-कॉम्प्युटरसाठी मी तरी हजाराच्या पुढचाच घेईन. मात्र आकडा मोठा म्हणजे झटका जास्त दाबला जातो, असं नाही. तो किती व्होल्टवर रोखला जातो, हा आकडा वेगळा लिहिलेला असतो. तो जितका कमी तितकं बरं.

एका दुखण्यावर मात्र ज्यूल कामाचे नाहीत. न्यूट्रल तुटून 230 चे 380 व्होल्ट झाले आणि तसेच राहिले, तर चकतीला उसंतच मिळत नाही. सेकंदाला शेकडो-हजारो ज्यूल रिचवता रिचवता ती जळते. म्हणून तिच्याजवळ उष्णतेने तुटणारा फ्यूज हवा.

तो तुटला तरी काही बोर्ड वीज देतच राहतात. टीव्ही चालू असतो, लाल दिवाही लागलेला असतो, फक्त शेजारचा संरक्षणाचा हिरवा दिवा विझलेला असतो. तसं दिसलं, की तुमच्याकडे उरला तो साधा बोर्ड.