सोळा दिवसांचं व्याज

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या भाचीने वाघोलीत फ्लॅट घेतला, इमारत उभी राहत असताना. कर्ज 30 लाखांचं, व्याज 9 टक्के. एका संध्याकाळी ती बँकेची कागदपत्रं घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, दर महिन्याला पैसे कापतात, पण मुद्दल जराही कमी होत नाही!"

कमी होणारच नाही. बिल्डरला जेवढी रक्कम दिली तेवढ्यावरचं नुसतं व्याज म्हणजे प्री-ईएमआय. मुद्दलाची परतफेड पूर्ण ईएमआय सुरू झाल्यावर होते.

आम्ही दोन कागद शेजारी ठेवले. सँक्शन लेटरवरून व्याजदर आणि तो कधी बदलतो ते घेतलं. डिस्बर्समेंटच्या नोंदीवरून प्रत्येक टप्प्याची तारीख घेतली. 1 जुलै 2023 ला जोत्याचे 10 लाख गेले, म्हणजे महिन्याला साडेसात हजार. 16 जानेवारी 2024 ला स्लॅबचे आणखी 10 लाख. 1 जुलै 2024 ला उरलेले 10 लाख, तेव्हापासून महिन्याला साडेबावीस हजार.

चूक निघाली ती जानेवारीत. बँकेने त्या महिन्याचे पूर्ण पंधरा हजार घेतले होते. पण दुसरे 10 लाख बँकेतून बाहेर पडले सोळा तारखेला. त्यांच्यावर व्याज फक्त सोळा दिवसांचं, म्हणजे 3,945 रुपये. बँकेने 3,555 रुपये जास्त घेतले होते. हे बारीक वाटेल, पण बांधकामात असे टप्पे सहा-सात असतात. रिझर्व्ह बँकेने 29 एप्रिल 2024 च्या परिपत्रकात ही पद्धत अन्याय्य ठरवली आहे. चेकवर एक तारीख आणि चेक हातात दिला काही दिवसांनी, तरी व्याज चेकच्या तारखेपासून, हेही त्यात आलं. भाचीने तारखांसह अर्ज दिला आणि पैसे परत मिळाले. म्हणून चेक बिल्डरला कधी दिला, त्याची पोच जरूर मागा.

फेब्रुवारी 2025 मध्ये रेपो दर पाव टक्क्याने उतरला. तिच्या लेटरमध्ये पुढचा रीसेट 1 एप्रिलला होता, म्हणून मार्चपर्यंत 9 टक्केच धरले.

आता आयकर. बांधकाम जून 2025 मध्ये पूर्ण झालं. त्याआधीच्या 31 मार्चपर्यंतचं व्याज एकत्र करायचं: 2023 चे सहा महिने 45 हजार, जानेवारीचे 11,445, जूनपर्यंतचे पाच महिने 75 हजार, पुढचे नऊ महिने 2 लाख 2 हजार 500. एकूण 3 लाख 33 हजार 945. याचा पाचवा भाग, 66,789 रुपये, पाच वर्षं वजावटीत दाखवायचा. एप्रिलपासूनचं व्याज मात्र त्याच वर्षाच्या खात्यात. स्वतः राहण्याच्या घराला दोन्ही मिळून मर्यादा वर्षाला 2 लाख, तीही जुन्या करपद्धतीतच.

भाचीने मागच्या दोन्ही वर्षांचे व्याजाचे दाखले बँकेकडून घेऊन त्याच फाईलला लावले आहेत.