अडुसष्ट टक्के म्हणजे नक्की काय?

[दृश्य: कल्याणमधलं एका आर्थिक सल्लागाराचं ऑफिस. टेबलावर लॅपटॉप. पडद्यावर शेकडो रेषा एकाच बिंदूतून निघून पंख्यासारख्या पसरल्यात.]

निवेदन:

समोर बसलेले गृहस्थ साठ वर्षांचे. गेल्या महिन्यात निवृत्त झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि आयुष्यभराची बचत मिळून १ कोटी रुपये आहेत. घर स्वतःचं. नवराबायकोला वर्षाला ४ लाख, म्हणजे महिन्याला साधारण ३३,३०० रुपये लागतात. महागाई वाढेल तशी ही रक्कमही वाढत जाणार. पैसे ९० व्या वर्षापर्यंत पुरावेत, इतकीच अपेक्षा.

सल्लागार लॅपटॉप त्यांच्याकडे वळवतो. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ६८ टक्के.

"काका, यश मिळण्याची शक्यता अडुसष्ट टक्के आहे."

"म्हणजे बत्तीस टक्के मी रस्त्यावर येणार?"

हे पात्र आपण उदाहरणापुरतं घेतलंय. पण हा प्रश्न अशा ऑफिसांत खरोखर विचारला जातो आणि त्याचं सरळ उत्तर क्वचितच मिळतं. ते मिळवायचं तर आधी हा आकडा कसा शिजतो ते पाहावं लागेल.

[दृश्य: वहीचं पान, पेन्सिलीने मांडलेलं गणित.]

काकांनी घरी स्वतः गणित केलं होतं. चाळीस टक्के पैसे शेअर बाजाराच्या फंडात, बाकीचे ठेवी आणि रोख्यांत. सरासरी परतावा ९ टक्के, महागाई ६ टक्के, हातात उरले ३ टक्के. दर वर्षी अगदी ३ टक्केच सुटत गेले, तर १ कोटी किती वर्षं पुरतात? उत्तर येतं ४४ वर्षं. काका निर्धास्त होते. साठ अधिक चव्वेचाळीस, एकशे चार!

मग ४४ वर्षं पुरणारे पैसे ३० वर्षांसाठी फक्त ६८ टक्के खात्रीचे कसे झाले?

गोम ‘दर वर्षी’ या दोन शब्दांत आहे. सरासरी ३ टक्के असली तरी एखादं वर्ष १५ टक्के देतं आणि एखादं उणे १० टक्क्यांवर जातं. पैसे नुसते पडून असते तर वाईट वर्षं आधी आली की नंतर, याने शेवटच्या रकमेत फरक पडला नसता. गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच राहतं. पण इथे दर वर्षी त्यातून खर्चाला पैसे निघतायत. आणि पडलेल्या भावात विकलेलं युनिट पुढच्या तेजीत परत येत नाही.

काकांची पहिली दोन वर्षं वाईट गेली असं धरू. महागाई वजा करून पहिल्या वर्षी उणे १२ टक्के, दुसऱ्या वर्षी उणे ८. वर्षाच्या सुरुवातीला ४ लाख काढले, ९६ लाख राहिले, ते घसरून साडेचौऱ्याऐंशी झाले. पुन्हा ४ काढले, पुन्हा घसरण. दोन वर्षांनी शिल्लक ७४ लाख. खर्च मात्र तेवढाच. शंभरातले चार काढणारा माणूस आता चौऱ्याहत्तरांतले चार काढतोय, म्हणजे जवळजवळ साडेपाच टक्के. हीच दोन वर्षं ८८ व्या वर्षी आली असती, तर तोवर शिलकीत ५० लाखांहून जास्त असते आणि काकांना ती जाणवलीही नसती.

[दृश्य: मातीचं मडकं, आत घडी घातलेल्या चिठ्ठ्या. एक हात चिठ्ठी उचलतो.]

वाईट वर्षं कधी येणार ते कुणालाच माहीत नाही. म्हणून संगणक चिठ्ठ्या उचलतो. मडक्यात परताव्याच्या चिठ्ठ्या आहेत, त्यांची सरासरी ३ टक्के. त्या किती विखुरलेल्या आहेत हे सांगणारं प्रमाण विचलन १० टक्के. एक चिठ्ठी काढायची, पहिलं वर्ष झालं. ती परत टाकायची, मडकं हलवायचं, दुसरी काढायची. अशा तीस चिठ्ठ्या झाल्या की काकांचं एक संभाव्य आयुष्य पूर्ण होतं. पडद्यावरच्या पंख्यातली एक रेषा म्हणजे हे एक आयुष्य. अशी १०,००० आयुष्यं काढायची आणि किती आयुष्यांत पैसे शेवटपर्यंत पुरले ते मोजायचं. साधारण ६,८०० मध्ये पुरले. ६८ टक्के आले ते इथून.

ही युक्ती पैशांसाठी निघालेली नाही. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हे गणितज्ञ आजारातून उठत असताना पत्त्यांचा पेशन्स खेळत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता किती, याचं सूत्र मांडणं किचकट होतं. त्यापेक्षा शंभर डाव खेळून किती सुटतात ते मोजावं, असं त्यांच्या मनात आलं. लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामात न्यूट्रॉनच्या वाटचालीसाठी ही पद्धत वापरली गेली आणि जुगाराच्या गावावरून तिचं नाव पडलं माँटे कार्लो. पत्त्यांत मात्र एक सोय आहे. जोडात बावन्न पानं आहेत आणि कोणती, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आपल्या मडक्यात चिठ्ठ्या कुणी भरल्या?

[दृश्य: मुंबई शेअर बाजाराची इमारत. सेन्सेक्सचा जुना आलेख.]

सेन्सेक्सचं आधारवर्ष १९७८-७९. म्हणजे आपल्याकडे साधारण पंचेचाळीस वर्षांची नोंद आहे. तीस वर्षांची निवृत्ती त्यात पुरी एकदा मावते, दुसरी अर्ध्यावर संपते. अमेरिकेत विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये ४ टक्क्यांचा प्रसिद्ध नियम मांडला: पहिल्या वर्षी पुंजीचे ४ टक्के काढायचे आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत जायची. तेव्हा त्यांच्या हाताशी १९२६ पासूनचे आकडे होते, आणि तेही अमेरिकेचे. तो नियम इकडे जसाच्या तसा आणणं मला धाडसाचं वाटतं.

आता पंचेचाळीस वर्षांच्या नोंदीवरून खरी सरासरी कितपत पकडता येते? विचलन १० टक्के असेल, तर त्याला पंचेचाळीसच्या वर्गमुळाने भागायचं. उत्तर येतं दीड टक्का. म्हणजे आपण ३ म्हणतो तेव्हा खरी सरासरी दीडही असू शकते, साडेचारही. इतक्या नोंदीवरून याहून नेमकं सांगताच येत नाही.

काकांचंच गणित तीन वेगळ्या मडक्यांतून काढू. सरासरी ४ टक्के धरली तर यशाची शक्यता सुमारे ८३. ३ धरली तर ६८. २ धरली तर जेमतेम ५०. माणूस तोच, खर्च तोच, पुंजी तीच. सरासरीच्या रकान्यात कुणीतरी एक आकडा बदलला, बस्स.

आणि १०,००० आयुष्यांचा रुबाब? आयुष्यं वाढवली की मोजणीतली चूक कमी होते, हे खरं. दहा हजारांना ती अर्ध्या टक्क्यावर येते, एक लाख केली तर आणखी घटेल. पण ही चूक फक्त चिठ्ठ्या उचलण्यातली. मडकं भरण्यातली चूक कितीही वेळा हात घातला तरी तशीच राहते. अहवालात ‘६८.३ टक्के’ असा दशांश दिसला की मला हसू येतं.

सरासरीपलीकडे आणखी एक अडचण आहे. २००७ च्या शेवटी सेन्सेक्स २०,२८७ वर होता, २००८ च्या शेवटी ९,६४७ वर. वर्षभरात निम्म्याहून जास्त गेला. मडकं घंटेच्या आकाराच्या वक्राने भरलं असेल, म्हणजे बहुतेक चिठ्ठ्या सरासरीच्या आसपास आणि टोकाच्या अगदी मोजक्या, तर अशा वर्षाची चिठ्ठी त्यात जवळजवळ नसतेच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय दर वेळी मडकं हलवून काढलेल्या चिठ्ठीला मागच्या वर्षाची आठवण नसते, पण महागाई एकदा चढली की चार-पाच वर्षं मुक्काम ठोकते. म्हणून काही जण सुट्या वर्षांऐवजी इतिहासातले सलग काही वर्षांचे तुकडे उचलतात. त्याने आठवणीचं दुखणं कमी होतं. पण तुकडे त्याच पंचेचाळीस वर्षांतून कापलेले असतात.

[दृश्य: पंख्यातल्या रेषा. शून्याला टेकलेल्या रेषा लाल होतात.]

आता काकांच्या बत्तीस टक्क्यांकडे येऊ. या लाल रेषा आहेत सुमारे ३,२००. त्यातल्या जवळजवळ निम्म्या शेवटच्या पाच वर्षांत शून्यावर येतात, म्हणजे काकांच्या वयाच्या ८५ नंतर. काका नव्वदीपर्यंत असणारच, हे यंत्राने धरूनच चाललंय. यंत्राच्या लेखी ७८ व्या वर्षी खाली झालेलं खातं आणि ८९ व्या वर्षी दिवाळीच्या सुमारास खाली झालेलं खातं सारखंच, दोन्ही नापास. उलट नव्वदीला खात्यात एक रुपया उरला तरी पास, पाच कोटी उरले तरी पास.

याहून मोठी गोष्ट म्हणजे या ३,२०० आयुष्यांतले काका खातं आटताना पाहतायत आणि शेवटच्या रुपयापर्यंत वर्षाचे ४ लाख, महागाईसकट, काढतच आहेत. असं कोण करतं? खरे काका त्याआधीच खर्च आवरतील, गाडी विकतील, घर लहान करतील. म्हणजे बत्तीस टक्के ही रस्त्यावर येण्याची शक्यता नव्हे. ठरवलेला खर्च कधीतरी कमी करावा लागण्याची ती शक्यता आहे, आणि तीही मडकं बरोबर भरलं असेल तरच.

हवामान खातं पावसाची सत्तर टक्के शक्यता वर्तवतं, तेव्हा तसे शंभर दिवस गोळा करून त्यातल्या साधारण सत्तर दिवशी पाऊस पडला का, ते तपासता येतं. काकांची निवृत्ती एकदाच होणार. त्यांचे पैसे पुरले काय आणि नाही काय, ६८ बरोबर होते की चूक, ते कधीच ठरणार नाही.

मग या यंत्राचा उपयोग काय? तुलनेसाठी. मडकं तेच ठेवून खर्च ४ लाखांऐवजी साडेतीन धरला, तर ६८ चे ८३ होतात. महिन्याला सुमारे ४,२०० रुपये कमी खर्च म्हणजे बाजाराने दर वर्षी एक टक्का जास्त देण्याइतकंच बळ. मडकं थोडं चुकीचं भरलं असलं तरी दोन योजनांतली कोणती जास्त तग धरेल, हे बहुधा खरं निघतं.

दुसरा उपयोग म्हणजे हे गणित दर वर्षी नव्याने मांडता येतं.

[दृश्य: तेच ऑफिस, दोन वर्षांनंतर. बाहेर पाऊस.]

दोन वाईट वर्षं संपली. ७४ लाख शिल्लक, २८ वर्षं बाकी. सल्लागार बटण दाबतो. ६८ चे ३३ झालेत.

काका चष्मा काढून पुसतात. "पुन्हा अडुसष्टवर यायला किती काढायचे?"

"आजच्या भावाने वर्षाला तीन लाख बारा हजारांच्या आसपास. महिन्याला सव्वीस हजार."

"आणि तुमची ती सरासरी दोनच निघाली तर?"

सल्लागार थोडा थांबतो. मग रकान्यात ३ खोडून २ लिहितो आणि लॅपटॉप पुन्हा त्यांच्याकडे वळवतो.