हात मागे, कागद पुढे

(दृश्य: टेबलावर कागद. दोन छोटे हात घडी घालताहेत. मागे एक मुलगी, हात पाठीमागे बांधून उभी.)

निवेदन: कागदाची होडी करता येणारी मुलगी मागे उभी आहे. होडी करतोय तो मुलगा, ज्याला ती येत नाही. त्याच्यासमोर तिनं लिहिलेली कृती आहे. चार ओळी. कागद दुमडा. कोपरे दुमडा. टोपी करा. होडी झाली.

नियम एकच. लिहिणाऱ्यानं हात मागे बांधायचे आणि बोलायचं नाही.

(दृश्य: क्लोजअप. घडीची उघडी बाजू वर. कोपरे दुमडतात, हात सुटताच कागद पसरतो.)

निवेदन: कागद मधोमध दुमडला, इथवर बरोबर. पण घडीची बंद बाजू वर हवी होती, त्यानं उघडी बाजू वर ठेवली. कोपरे दुमडले तरी ते धरून ठेवायला वर काहीच नाही, म्हणून टोपी उलगडली. मुलीचा चेहरा बघा. हात सुटायला निघालेत.

(दृश्य: मुलगी कागद ओढून घेते, पेन्सिलनं दोन ओळींच्या मध्ये लिहिते.)

निवेदन: ‘बंद बाजू वर ठेवा.’ ही ओळ लिही, असं तिला कुणी सांगितलं नाही. बाई तिथेच होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “तो कुठे अडला?”

(दृश्य: वर्गाची भिंत. नावांचा तक्ता, काही नावांपुढे स्टारची रांग, काहींपुढे एखादाच.)

निवेदन: हाच धडा भिंतीवरच्या तक्त्यासाठी कसा झाला असता? पाच ओळी लिहिल्या की एक स्टार. मुलांनी पाच ओळी लिहिल्याही असत्या, ‘होडी छान असते’ ही त्यातली पाचवी. होडी होते की नाही, हे मात्र कुणी पाहिलं नसतं. स्टार ओळींसाठी आहे, एवढं सहा-सात वर्षांच्या मुलाला चटकन कळतं.

(दृश्य: पांढऱ्या कागदावर रंगीत मार्कर. सोनेरी स्टार आणि लाल फीत लावलेलं प्रशस्तिपत्र.)

निवेदन: १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलं तीन ते पाच वर्षांची. ज्यांना मार्करनं चित्रं काढायची मुळातच आवड होती, तीच मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर असं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र चित्र झाल्यावर, न सांगता दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. मग एक-दोन आठवड्यांनी तेच मार्कर मोकळ्या वेळेत टेबलावर ठेवले. या वेळी बक्षीस नाही, सूचनाही नाही. आधी कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी चित्रांना दिलेला वेळ बाकीच्या दोन्ही गटांच्या सुमारे निम्माच भरला.

न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे खोट आधीच ठरलेल्या सौद्यात होती.

(दृश्य: पुन्हा टेबल. कृतीचा दुसरा खर्डा.)

निवेदन: सौदा काढून टाकला, तर त्या जागी काय ठेवायचं? या वर्गात ठेवलंय ते असं काम, ज्याचा निकाल काम स्वतःच सांगतं.

निवड मुलांची असते, पण आखून दिलेल्या मर्यादेत. कृती होडीची लिहायची, टोपीची की पंख्याची, हे मूल ठरवतं. करून कोण बघणार, हेही तेच ठरवतं. कृती लिहायची की नाही, हा पर्याय मात्र नाही. मोकळं रान दिलं की या वयात अर्धा तास काय लिहू, यातच जातो.

(दृश्य: मुलगा नव्या खर्ड्यावरून घड्या घालतो. टोपी होते. मग तो थांबतो.)

निवेदन: दुसऱ्या खर्ड्यात टोपी झाली. खालच्या दोन पट्ट्या एक पुढे, एक मागे वळवायच्या, हेही आता लिहिलेलं आहे. पण टोपीचा चौकोन कसा करायचा? ‘टोपी उघडा’ एवढंच लिहिलंय. त्यानं ती उघडली आणि डोक्यावर घातली.

(दृश्य: वर्गात हशा. मुलगीही हसते, पेन्सिल उचलते.)

निवेदन: आता बाईंचे शब्द ऐका. “पहिल्या खर्ड्यात तो टोपीपर्यंतही पोचला नव्हता. या वेळी पोचला. कुठल्या ओळीमुळे?” मुलीनं ओळीवर बोट ठेवलं. यात ‘हुशार’ नाही, ‘सगळ्यात छान’ नाही. काय बदललं आणि त्यानं काय झालं, एवढंच आहे. कौतुकाला कुणाची ना नाही, पण नुसतं ‘शाब्बास’ म्हटलं की कुठली ओळ कामाला आली, हे मुलाला कळत नाही.

(दृश्य: फाइल. तीन खर्डे एकावर एक, तारखा घातलेले.)

निवेदन: खर्डे फेकायचे नाहीत. तारीख घालून फाइलीत ठेवायचे आणि महिन्यातून एकदा मुलानं स्वतः चाळायचे. तुलना शेजाऱ्याशी होत नाही, स्वतःच्याच जुन्या कागदाशी होते.

(दृश्य: मुलं रंगांच्या वाट्या धुताहेत, जमीन पुसताहेत.)

निवेदन: सगळीच कामं होडीसारखी नसतात. वाट्या धुण्यात मुलाला मुळात गोडी नसते, त्यामुळे तिथे स्टारनं बिघडण्यासारखं फारसं काही नाही. थोडे दिवस लावलात तर आभाळ कोसळणार नाही. पण तिथेही सांगण्याची रीत बदलून पाहता येते. १९८४ साली रिचर्ड कोस्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीच्या मुलांना चित्र रंगवताना स्वच्छतेचे नियम दोन तऱ्हांनी सांगितले. एका गटाला नुसतं ‘हे करायचं, ते करायचं नाही.’ दुसऱ्या गटाला नियम तेच, पण सोबत कारण होतं, आणि रंग सांडायला कधी मजा येते हेही मान्य केलेलं होतं. पुढे मोकळ्या वेळेत रंगवण्यात दुसऱ्या गटाची गोडी जास्त टिकली.

(दृश्य: रिकामी भिंत. एक मूल बाईंना काहीतरी विचारतंय.)

निवेदन: तक्ता उतरवला की सुरुवातीला ‘मग स्टार कधी?’ हा प्रश्न येतोच आणि काही मुलांचं लिहिणं कमी होतं. घाईनं तक्ता परत लावू नका.

बदल होतोय का, हे १९७३च्या प्रयोगासारखंच पाहता येतं. मोकळ्या वेळेत कागद आणि पेन्सिली टेबलावर ठेवायच्या, काही बोलायचं नाही, आणि कोण आपणहून येतंय ते टिपायचं. नोंद बाईंच्या वहीत ठेवायची. भिंतीवर लावली की मुलं नोंदीसाठी यायला लागतील.

जे मूल कधीच टेबलाकडे फिरकत नाही, त्याला कंटाळा आहे की लिहिणंच जड जातंय, हे आधी पाहायचं. त्यानं कृती तोंडी सांगावी, बाईंनी जशीच्या तशी लिहावी, चुकांसकट. करून बघणारा त्यावरूनही अडतोच, आणि पुढची ओळ त्या मुलाला सांगावी लागते.