पिच डेक ते लँडिंग पेज: एअरबीएनबीचा जुना डेक घेऊन लिहून बघूया

[कॅमेऱ्याकडे बघत]

परवा एका मित्राने त्याच्या नव्या वेबसाइटची लिंक पाठवली. डबे पोचवायचा धंदा आहे. "लोक येतात आणि लगेच निघून जातात, बघ ना जरा." पान उघडलं, तर दुसऱ्याच ओळीत 'इतक्या हजार कोटींची बाजारपेठ'. अरे, ज्याला उद्यापासून डबा लावायचाय, त्याला बाजारपेठ किती कोटींची आहे ते कशाला हवंय? त्याला भाजी काय आणि डबा किती वाजता येणार, एवढंच बघायचंय.

पठ्ठ्याने पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइडा, जसाच्या तसा वेबसाइटवर चिकटवला होता. खूप जण करतात हे. म्हणून आज एक खरा डेक घेऊ आणि त्यातून लँडिंग पेज, म्हणजे ग्राहक वेबसाइटवर आल्या आल्या बघतो ते पान, लिहून बघू. एअरबीएनबीचा सुरुवातीचा डेक इंटरनेटवर सहज सापडतो. तेव्हा कंपनीचं नाव होतं 'एअरबेड अँड ब्रेकफास्ट'.

[स्क्रीनवर: डेकची पहिली स्लाइड]

पहिल्या स्लाइडवर एकच वाक्य आहे. मराठीत सांगायचं तर, 'हॉटेलऐवजी स्थानिक माणसाच्या घरी खोली बुक करा.' हे मथळा म्हणून जवळजवळ चालतं. काय करायचं ते कळतं, कशाऐवजी करायचं तेही कळतं. फक्त मी हे का करू, ते कळत नाही. ते पुढे सोल्यूशनच्या स्लाइडवर आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे.

[स्क्रीनवर: पैसे वाचवा / पैसे कमवा / संस्कृती वाटून घ्या]

तीन फायदे एकाखाली एक. गुंतवणूकदाराला हे वाचून बरं वाटतं, कारण तो वरून बघतो. पाहुणा आणि घरमालक दोघंही त्याला एकाच चित्रात दिसतात. पण वेबसाइटवर येणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाही तर घरमालक. पैसे वाचणार पाहुण्याचे. कमावणार घरमालक. खोली शोधायला आलेल्याला 'पैसे कमवा' असं सांगितलं, की तो क्षणभर थबकतो: मी चुकीच्या ठिकाणी आलो की काय? आणि थबकला की मागे जायचं बटण जवळच असतं.

म्हणून पहिलं काम शब्द निवडायचं नाही, माणूस निवडायचं. आपण पाहुण्याचं पान लिहू. घरमालकासाठी वर कोपऱ्यात एक छोटी लिंक: 'घरात रिकामी खोली आहे?' त्याचं पान वेगळं.

आता मथळा. कंपनीची सुरुवात कशी झाली ते आठवा. ऑक्टोबर २००७, सॅन फ्रान्सिस्को. शहरात डिझाइनची परिषद होती आणि हॉटेलं भरलेली. संस्थापक ब्रायन चेस्की आणि जो गेबिया यांनी आपल्या घरात हवा भरायच्या गाद्या टाकल्या आणि रात्रीचे ८० डॉलर घेऊन तिघांना ठेवून घेतलं. त्या पाहुण्याच्या डोक्यात काय होतं? 'हॉटेल मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही.' मथळा त्याच्याच भाषेत लिहायचा.

[स्क्रीनवर]
हॉटेल महाग पडतंय? त्याच शहरात कुणाच्या तरी घरी राहा.
रोजचं भाडं आधीच दिसतं. सकाळचा चहा कुठला चांगला, ते घरमालक सांगेल.

'संस्कृती वाटून घ्या' कुठे गेलं? चहात गेलं. डेकमध्ये मोठा शब्द चालतो, तिथे समजावून सांगायला तुम्ही समोर उभे असता. पानावर तुम्ही नसता. आणि हो, डेकमधला 'प्लॅटफॉर्म' हा शब्द मी काढलाय. प्लॅटफॉर्म शोधायला माणूस फक्त स्टेशनवर जातो.

पुढच्या स्लाइडा पटापट घेऊ. बाजारपेठेचा आकार: उडवा. दर व्यवहारावर १० टक्के कमिशन: डेकमध्ये हे उत्पन्न आहे, ग्राहकासाठी मात्र ती किंमत आहे. म्हणून अभिमानाने मिरवायचं नाही आणि लपवायचंही नाही. पाहुण्याला शेवटी द्यायची एकूण रक्कम आधीच दाखवा. प्रॉडक्टच्या स्लाइडवर तीन पायऱ्या आहेत: शहर शोधा, खोल्या बघा, बुक करा. या जशाच्या तशा ठेवा. ग्राहकांच्या प्रतिक्रियाही ठेवा.

एका स्लाइडपाशी मात्र थांबायला हवं. स्पर्धेत आपण कुठे सरस आहोत, त्या यादीत 'या बाजारात पहिले आम्हीच' असा मुद्दा आहे. गुंतवणूकदार हे ऐकून खुर्चीत पुढे सरकतो. पाहुणा ऐकतो आणि मागे सरकतो! पहिले तुम्हीच, म्हणजे आजवर हे कुणी करून बघितलेलं नाही, आणि परक्या शहरात परक्याच्या घरी झोपायचा प्रयोग माझ्यावर? एकच वाक्य, पण इकडे जमेची बाजू तर तिकडे भीती. तुमच्या डेकमधलं प्रत्येक वाक्य ग्राहक होऊन मोठ्याने वाचा. अशी दोन-तीन तरी सापडतील.

आता डेकमध्ये नसलेली गोष्ट. हाच पानाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे: विश्वास. डेकमध्ये 'प्रोफाइल' असा जेमतेम उल्लेख आहे. कंपनीला हे पुढे काम करता करता कळत गेलं. २००९ मध्ये संस्थापक न्यूयॉर्कला गेले, घरोघरी फिरून त्यांनी स्वतः चांगले फोटो काढले आणि बुकिंग वाढली. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका घरमालकिणीच्या घराची पाहुण्यांनी नासधूस केली. त्यानंतर कंपनीने घरमालकांसाठी ५० हजार डॉलरपर्यंत भरपाईची हमी आणली.

म्हणजे पानावर फायद्यांच्या लगेच खाली भीतीचं उत्तर हवं. पण जे खरोखर करता तेवढंच लिहा. 'शंभर टक्के सुरक्षित' असं लिहिलं की उलट शंका येते. त्यापेक्षा हे बघा:

[स्क्रीनवर]
कुणाच्या घरी जाताय, ते आधी बघा.
घरमालकाचं नाव, खोलीचे फोटो आणि तिथे राहून गेलेल्यांनी काय लिहिलंय ते, सगळं पैसे भरण्याआधी.

आणि शेवटी बटण. डेकचा शेवट 'इतके पैसे हवेत' असा होतो, त्यामुळे पानाच्या शेवटीही आपला हात आपोआप मागायलाच पुढे जातो: 'आत्ताच नोंदणी करा'. नोंदणी ही तुमची गरज आहे, त्याची नाही. त्याला खोल्या बघायच्यात. म्हणून दोनच रकाने, शहर आणि तारखा, आणि त्याखाली:

[स्क्रीनवर]
[ या तारखांना मोकळ्या खोल्या दाखवा ]
बघायला नोंदणी लागत नाही.

ही खालची बारीक ओळ विसरू नका. बटणावर बोट नेताना मनात जी शंका येते, तिचं उत्तर तिथेच हवं. फक्त ती ओळ खरी असू द्या. पुढच्याच पानावर मोबाइल नंबर मागितलात, तर माणूस तिथून जातो तो परत येत नाही. आकडे बघताना हे ओळखता येतं: बटण बरेच जण दाबतायत आणि पुढच्या पानावरून गळतायत, तर बटणाने कबूल केलेलं पुढे मिळत नाहीये. बटणच कुणी दाबत नसेल, तर आधी मथळा तपासा.

आकडे येण्याएवढे लोक अजून येत नसतील, तर मोबाइलवर पान उघडून धंद्याशी संबंध नसलेल्या कुणाला तरी पाच सेकंद दाखवा आणि काढून घ्या. विचारा, "इथे काय मिळतं?" मी माझ्या मित्राचं पान माझ्या मावशीला दाखवलं. ती म्हणाली, "काहीतरी शेअर बाजाराचं आहे."