इमर्जन्सीचा दाखला

[दृश्य: पुणे. सीजीएचएसच्या वेलनेस सेंटरबाहेरची सकाळची रांग. हातात प्लास्टिकची कार्डं, कापडी पिशव्या, फाइली.]

निवेदन: सेंट्रल गव्हर्नमेंट हेल्थ स्कीम, म्हणजे सीजीएचएस. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांसाठी, निवृत्तांसाठी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांसाठीची ही आरोग्य योजना. महाराष्ट्रात तिचं जाळं मुख्यतः मुंबई, पुणे आणि नागपूरभोवती आहे. या दवाखान्याला सरकारनं वेलनेस सेंटर असं नाव दिलंय. रांगेतले सगळे अजून डिस्पेन्सरीच म्हणतात.

[दृश्य: कार्डाचा क्लोजअप. नाव आणि क्रमांक झाकलेला. वॉर्डचा रकाना दिसतो.]

निवेदन: हे कार्ड फुकट मिळालेलं नाही. निवृत्त होताना दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की ते तहहयात चालतं. शेवटच्या वेतनस्तरानुसार ही रक्कम 30 हजार, 54 हजार, 78 हजार किंवा 1 लाख 20 हजार रुपये होते. माणूस निवृत्तीच्या पैशातून ती भरतो, आणि त्या दिवसापासून सीजीएचएसशी करार केलेल्या, म्हणजे यादीतल्या हॉस्पिटलमध्ये स्वतःचे पैसे न भरता उपचार घेणं हा त्याचा हक्क असतो. नोकरीत असलेल्यांनी सहसा आधी भरायचं आणि मग खात्याकडून मिळवायचं. निवृत्तांना मात्र कॅशलेस उपचार द्यायचे, असं हॉस्पिटलनं करारात लिहून दिलेलं असतं. हे अनेक निवृत्तांना ठाऊक नाही. काउंटरवर “आधी पन्नास हजार भरा” असं ऐकलं की ते भरून मोकळे होतात.

[दृश्य: पेठेतलं जुनं घर. टपाल खात्यातून निवृत्त झालेले काका, वय 74. शेजारी काकू, वय 68. टेबलावर जाड फाइल.]

निवेदन: या फाइलीची गोष्ट यादीबाहेरच्या हॉस्पिटलची आहे. रात्री काकूंच्या छातीत कळ आली, घाम फुटला. यादीतलं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षानं दहा मिनिटांत पोचता आलं ते जवळचं खासगी हॉस्पिटल यादीत नव्हतं. पहाटेपर्यंत अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. बिल आलं दोन लाख ऐंशी हजारांचं. ते भरायला काकांनी मुदत ठेव मोडली.

काका: “यादी बघायला वेळ कुठे होता? गेल्यावर आम्हाला सांगितलं, सीजीएचएस इथे चालत नाही. म्हटलं, चालू दे, आधी हिला आत घ्या.”

[दृश्य: टेबलावर फाइल उघडते. बोट एकेक पान उलटतं.]

निवेदन: यादीबाहेरच्या हॉस्पिटलात तातडीनं उपचार घ्यावे लागले, तर खर्चाची प्रतिपूर्ती मागता येते. ती सीजीएचएसच्या दरानं किंवा प्रत्यक्ष झालेल्या खर्चाइतकी मिळते, यांत जी रक्कम कमी असेल ती. अट एकच, वेळ तातडीची होती हे कागदावर दिसलं पाहिजे. त्यासाठीच हे पान, इमर्जन्सीचा दाखला. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यायचा असतो की, रुग्ण अमुक तारखेला, अमुक वाजता, अशा स्थितीत आला आणि उपचार लांबवता आले नसते.

[दृश्य: दोन दाखले शेजारी शेजारी. एकावर एकच ओळ. दुसऱ्यावर वेळ, रक्तदाब, ईसीजीतले बदल.]

निवेदन: डावीकडच्या दाखल्यावर “पेशंट ॲडमिटेड इन इमर्जन्सी” एवढंच आहे. पेन्शनरांच्या मदत केंद्रात असे दाखले नेहमी येतात, आणि नेमके हेच खुलाशासाठी परत येतात. उजवीकडचा काकूंचा. आल्याची वेळ, त्या वेळचा रक्तदाब, ईसीजीत काय दिसलं, हे सगळं त्यात आहे. डिस्चार्ज समरीतही तीच वेळ आणि तेच निदान आहे. दोन्ही कागद जुळतात का, हे तपासणारा आधी बघतो. समरीत “ॲडमिटेड फॉर प्लॅन्ड प्रोसिजर” असं वाक्य चुकून राहिलं असेल, तर दाखला कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग होत नाही. ही चूक हॉस्पिटल सोडण्याआधी लक्षात आली तर डॉक्टर दुरुस्त करून देतात. महिन्याभरानं तोच डॉक्टर सापडणंही अवघड होतं.

[दृश्य: स्टेंटच्या वेष्टनाचं चिकटवलेलं स्टिकर. शेजारी त्याचं बिल.]

निवेदन: हा इवलासा कागद म्हणजे स्टेंटचं स्टिकर. त्यावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो. ऑपरेशन थिएटरमधून तो बाहेर येतो आणि बहुधा हॉस्पिटलच्याच केसपेपरवर लागतो, म्हणून घरी येणाऱ्या कागदांत तो नसतो. मागून घ्यावा लागतो. स्टेंटचा हिशोब पॅकेजपासून, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या एकत्रित दरापासून वेगळा होतो. स्टिकर आणि बिल नसेल तर ती रक्कम अडकते.

[दृश्य: मदत केंद्राचं टेबल. निवृत्त लेखाधिकारी असलेल्या ताई कागद लावताहेत. समोर काका.]

ताई: “काका, ही बिलं मूळ हवीत. झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा, पूर्ण संच. आणि औषधांची बिलं सुटी देऊ नका, तारखेप्रमाणे लावा.”

निवेदन: निवृत्तांसाठीचा एमआरसी (पी) नावाचा दावा अर्ज, मूळ बिलं आणि पावत्या, बिलाची फोड, डिस्चार्ज समरी, इमर्जन्सीचा दाखला, दोघांच्या कार्डांच्या प्रती, आणि ज्या खात्यात पेन्शन येतं त्याचा रद्द केलेला चेक. हा संच कार्ड ज्या वेलनेस सेंटरला जोडलेलं आहे तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. मुदत डिस्चार्जपासून सहा महिने. मूळ बिल हरवलं असेल तर प्रती आणि स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र चालतं. खासगी मेडिक्लेमही असेल तर आधी विमा कंपनीकडे जायचं. मूळ कागद तिथे राहतात, तेव्हा त्यांच्याकडून साक्षांकित प्रती आणि किती रक्कम दिली याचं पत्र आणून उरलेला दावा सीजीएचएसकडे करता येतो. दोन्हींची बेरीज खर्चापेक्षा जास्त होऊ शकत नाही.

[दृश्य: वेलनेस सेंटरचं काउंटर. पोचपावतीवर शिक्का आणि तारीख.]

निवेदन: ही पोचपावती जपायची. तारखेचा शिक्का असलेली. पुढे ती कामाला येते.

[दृश्य: मंजुरीपत्र. बाजूला हॉस्पिटलचं बिल. बोट एका रकमेवरून दुसरीकडे जातं.]

निवेदन: काकांना निम्म्याहून थोडी जास्त रक्कम मिळाली. बाकीची का कापली गेली, ते बिलाच्या मांडणीत आहे. हॉस्पिटलनं खोलीभाडं, सर्जनची फी, भूल, थिएटर, औषधं, तपासण्या अशी एकेक ओळ आकारली होती. सीजीएचएस या सगळ्याला एकच पॅकेज मानतं. दाखल झाल्यापासून डिस्चार्जपर्यंतचं जवळपास सगळं त्यात धरलेलं असतं. त्यामुळे बारा ओळींच्या जागी एकच दर लागतो. शिवाय कार्डावर लिहिलेल्या वॉर्डपेक्षा वरच्या खोलीत राहिलात तर तो फरक खिशातून जातो. काकूंचा हक्क निमखासगी खोलीचा. त्या रात्री तिथे खासगीच खोली रिकामी होती.

[दृश्य: सर्वोच्च न्यायालयाची इमारत, संग्रहित चित्रण. मग निकालाच्या प्रतीचं पहिलं पान.]

निवेदन: इथे एक निकाल माहीत असायला हवा. शिवकांत झा विरुद्ध भारत सरकार, 13 एप्रिल 2018. झा हे केंद्र सरकारचे निवृत्त अधिकारी. दिल्लीतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये त्यांच्या हृदयात ठोके नियमित ठेवणारं सीआरटी-डी यंत्र बसवलं गेलं. मुंबईत जसलोकमध्येही त्यांच्यावर उपचार झाले. बिलं दोन, 9 लाख 86 हजार 343 आणि 3 लाख 98 हजार 97 रुपयांची. सरकारी बाजूचं म्हणणं असं की यंत्राला आधी परवानगी नव्हती आणि ते गरजेचंही नव्हतं.

न्यायमूर्ती आर. के. अग्रवाल आणि अशोक भूषण यांच्या पीठानं सांगितलं की रुग्णावर कोणता उपचार करायचा हे ठरवणं डॉक्टरचं काम आहे. हॉस्पिटलचं नाव सरकारी यादीत नाही एवढ्या कारणानं दावा नाकारता येत नाही. बघायचं ते इतकंच, की माणसानं खरोखर उपचार घेतले का आणि त्याला कागदांचा आधार आहे का. थकलेली रक्कम द्यायला सांगताना न्यायालयानं सर्व निवृत्तांसाठी एक मुदतही घातली. कागद दिल्यापासून एका महिन्यात प्रतिपूर्ती व्हावी. तक्रारींसाठी उच्चस्तरीय समिती असावी आणि तिनं दर महिन्याला बसावं.

[दृश्य: मदत केंद्रात निकालाच्या प्रतींचा गठ्ठा. एक प्रत फाइलीत लागते.]

निवेदन: एक महिन्याची ही मुदत मोजायची कशी? पोचपावतीवरच्या तारखेपासून. म्हणून ती जपायची. या निकालाचा अर्थ पूर्ण बिल मिळेल असा नाही. दराची मर्यादा अजून आहे. “यादीत नाही” या एका शेऱ्यावर परत आलेली फाइल मात्र या निकालाच्या आधारे पुन्हा उघडते, हे आम्ही मदत केंद्रात पाहिलं आहे. काकांच्या फाइलीत कमी पडलेल्या रकमेची फोड मागणारा अर्ज आता लागला आहे.

[दृश्य: काकू तपासणीसाठी वेलनेस सेंटरमध्ये. हातात रेफरल स्लिप.]

निवेदन: काकूंची पुढची तपासणी यादीतल्या हॉस्पिटलात होते, कॅशलेस. त्या 70 च्या आतल्या, म्हणून आधी इथून रेफरल घ्यावा लागतो. तो तीन महिने चालतो. काका 74 चे असल्यानं थेट तज्ज्ञाकडे जाऊ शकतात. तातडीच्या वेळी तर यादीतल्या हॉस्पिटलात कुणालाच रेफरल लागत नाही. कार्ड दाखवलं की पुढचं कळवणं हॉस्पिटलचं काम.

[दृश्य: सातारा रस्ता, एसटी स्थानक. बसमधून उतरणारं वयस्कर जोडपं.]

निवेदन: साताऱ्याहून किंवा सांगलीहून येणाऱ्यांनाही हे लागू होतं. सीजीएचएस नसलेल्या गावी राहणारे दरमहा 1000 रुपये वैद्यकीय भत्ता घेऊन बाह्यरुग्ण उपचार स्वतः बघू शकतात, आणि दाखल होण्याच्या उपचारांसाठी वर्गणी भरून कार्डही ठेवू शकतात. अनेकजण भत्ता घेतात आणि कार्डाचा अर्ज राहून जातो. राज्य सरकारच्या निवृत्तांची व्यवस्था गट विम्याची आहे, तिचे नियम वेगळे.

[दृश्य: मदत केंद्र. ताई एका काकूंशी बोलताहेत. त्यांच्या हातात मृत्यूचा दाखला.]

ताई: “काकू, दावा बुडालेला नाही. तुम्ही वारस म्हणून करायचा. मुलं बरोबर आली आहेत का?”

निवेदन: दावा मंजूर होण्याआधी कार्डधारक गेला, तर जोडीदाराला ती रक्कम मिळते. मृत्यूच्या दाखल्याची प्रत, स्वतःचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांचं स्टॅम्प पेपरवरचं ना-हरकत पत्र जोडायचं. तहहयात कार्ड जोडीदारासाठी चालूच राहतं, त्यावरचं मुख्य नाव तेवढं बदलून घ्यायचं. पुन्हा वर्गणी भरावी लागत नाही.

[दृश्य: ताई अर्ज पुढे सरकवतात. मुलगा पेन काढतो. श्रेयनामावली.]